देवळाजवळचा गडद षटकोन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या दिवशी काकू ऑफिसात येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुझा नकाशा खोटा बोलून राहिला," तेव्हा तो तिथून थेट जिभेवर उतरला. नकाशा माझा होता. मी पंधरा दिवस खपून केलेला, रंगीत, षटकोनी खणांचा.

हे ऑफिस म्हणजे दादाचं टाइल्सचं दुकान. दादा माझा मामेभाऊ. टाइल्सचा धंदा बसल्यावर त्याने बुऱ्हाणपुरात ई-रिक्षाची सेवा काढली. लोक फोनवरून गाडी मागवतात, जवळचा चालक जातो. मी इंदूरची नोकरी सोडून घरी आले होते, तर त्याने मला आकडे आणि नकाशे सांभाळायला बसवलं. काकू आमच्या चालकांपैकी एक. मूळच्या तुकईथडच्या, आता मागावाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, गल्लीत राहतात. उजवा गुडघा पार गेलेला, जीभ मात्र ठणठणीत.

भांडण होतं चार्जिंगच्या जागेवरून. दादाला शहरात एकच स्टँड बांधायचा होता. गाड्या रात्री तिथेच लागतील, चार्ज होतील आणि सकाळी तिथूनच निघतील. काकूंच्या गल्लीतला दुकानदार, ज्याच्याकडे त्या गाडी चार्ज करायच्या, तो दुकान विकून चालला होता. स्टँड गल्लीजवळ झाला तर त्यांचं भागणार होतं. लांब झाला तर पहाटे त्या गुडघ्यावर दोन किलोमीटर कोण चालणार? "मग गाडी विकते अन् तुकईथडला भावाकडं जाते," त्या म्हणायच्या. भावाकडे जायचं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मला ते दिसायचं.

जागा नकाशा ठरवेल, असं दादाने जाहीर केलं होतं. आधी त्याने वॉर्डाप्रमाणे मोजणी केली होती, आणि शहराबाहेरचा अवाढव्य वॉर्ड पहिला आला. येणारच. जिथे जागा जास्त तिथे फेऱ्या जास्त. मी म्हटलं, दादा, सगळे खण सारख्या आकाराचे हवेत, तरच तुलना होते. त्याला टाइल्सचीच भाषा कळते, म्हणून गोदामातून शिल्लक राहिलेल्या षटकोनी टाइल्स काढून जमिनीवर मांडल्या. चौकोनी टाइलला कोपऱ्यावरचा शेजारी लांब पडतो, बाजूचा जवळ. षटकोनाला सहा शेजारी, आणि मध्यापासून मध्यापर्यंत मोजले तर सहाही सारख्याच अंतरावर. दादा उकिडवा बसून फूटपट्टीने मोजत राहिला. "साला, वीस वर्षं विकल्या, कधी बघितलं नाही," म्हणाला.

मग मी खणाची बाजू दोनशे मीटर धरली. त्याहून लहान घेतली की प्रत्येक खणात दोन-चार फेऱ्या येत आणि काहीच कळत नसे. मोठी घेतली की शनवारा चौक आणि त्याच्या मागच्या गल्ल्या एकातच जात. सकाळी सहा ते नऊच्या फेऱ्या घेतल्या, कारण गाड्यांची खरी ओढाताण तेव्हाच. फेरी जिथे सुरू झाली ते टिंब ज्या खणात पडेल, तिथे एक मोजायची. फेऱ्या जास्त तितका रंग गडद. सगळ्यात गडद निघाला लालबागच्या रस्त्यावरचा मारुतीच्या देवळाचा खण, जवळजवळ काळाच. दादाने तिथली जागाही पाहून ठेवली.

"सकाळी तिथं फुलवाली अन् एक गाय असते," काकू म्हणाल्या. "सवारी कुठून आणली तू?"

"मी नाही आणली, आकड्यांनी आणली," मी म्हटलं, आणि बरंच काही म्हटलं, जे आता आठवलं तरी लाज वाटते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "उद्या साडेपाचला माझ्या गाडीत बस."

बसले. काकड्याच्या वेळेला, चहासुद्धा न घेता, तणतणत बसले. पहिली मागणी त्यांच्याच गल्लीतून आली. रात्रपाळी संपवून दोन कारागीर निघाले होते, अंगावर सुताचे तंतू. त्यांना स्टेशनवर जायचं होतं. ते बसले, गाडी हलली आणि काकूंनी फेरी सुरू करायचं बटण दाबलंच नाही.

"काकू, बटण."

"दाबते ना. बोहनी हाय."

लालबागच्या रस्त्याला लागलो. मारुतीसमोर काकूंनी गाडी थांबवली, हात जोडले, मागच्या दोघांनीही मान लववली, आणि मग काकूंनी बटण दाबलं. मी वळून बघितलं. आमच्या मागे आमच्याच तीन गाड्या रांगेत उभ्या. प्रत्येकीत सवारी, प्रत्येक चालकाचे हात जोडलेले, आणि हात खाली आला की अंगठा थेट फोनवर. दिवसाची पहिली फेरी देवासमोरच सुरू करायची, हा सगळ्यांचा रिवाज. भाडं मागणीच्या वेळीच ठरत असल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणी कधी बोललंही नव्हतं. सकाळी सगळ्यांचाच रस्ता स्टेशनकडचा, त्यामुळे सगळ्यांची बोहनी माझ्या नकाशात त्या एका खणात जमली होती.

मी पोट धरून हसायला लागले. कारागीर घाबरून एकमेकांकडे बघायला लागले. काकू शांतपणे म्हणाल्या, "हिला रात्री झोप नाही झाली."

हसू ओसरल्यावर मात्र गार पडले. परवा देवळापाशी स्टँड बांधायला ठेकेदार येणार होता. आमच्याकडे प्रत्येक फेरीच्या दोन जागा नोंदल्या जातात. गाडी मागवताना सवारी जिथे खूण करते ती एक, आणि चालक बटण दाबतो ती दुसरी. मी दुसरी घेतली होती. सवारी मिळते कुठे हे शोधायला निघाले आणि बटण दाबतात कुठे हे मोजून आले. तशीच ऑफिसात गेले आणि सवारीच्या खुणेवरून सगळं पुन्हा खणांत टाकलं. ज्या मागण्यांना गाडीच मिळाली नव्हती, त्याही घेतल्या. देवळाचा खण फिका पडला. गडद झाला मागावाल्यांच्या गल्लीचा, आणि त्याचे सहाही शेजारी बऱ्यापैकी गडद. म्हणजे खणाची रेघ नेमकी कुठे पडली यामुळे झालेली गंमत नव्हती, तिथे खरंच माणसं गाडीची वाट बघत उभी होती.

दादाने दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. "पहिला चुकीचा?"

"पहिला माझ्या चुकीचा," मी म्हटलं. आयुष्यात इतक्या आनंदाने चूक कबूल केलेली नाही. दादाने ठेकेदाराला फोन लावला आणि मला मावा जिलबी आणायला पाठवलं.

गल्लीच्या तोंडाशी स्टँड झाला. काकूंच्या दारापासून ऐंशी पावलं, त्यांनीच मोजली. आता बटण सवारीच्या दारातच दाबायचं, असं मी सगळ्या चालकांना बजावलं, जरा जास्तच आवाज चढवून. सगळे ऐकतात. मारुतीपाशी हात जोडायचे ते जोडतातच.

स्टँडवरून गाडी काढली त्या पहिल्या सकाळी काकूंनी मला सवारी म्हणून बसवलं. मी बसले, त्या बटण दाबायला गेल्या आणि मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, आज मारुतीपाशी. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि गाडी काढली.

त्या महिन्याच्या बटणांच्या नकाशात देवळाच्या खणात चुकीचं एक टिंब आहे. दादाने विचारलं, हे काढायचं राहिलं का? मी म्हटलं, राहू दे.