बेरियमची वाकडी रेषा

नांदेडच्या त्या महाविद्यालयात मी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. एम.एस्सी. भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि मी लातूरहून सकाळच्या एस.टी.नं आले होते. विभागप्रमुखांनी चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला आणि मुलांच्या जर्नलांची चळत समोर ठेवली. "सगळी तपासलेली आहेत, मॅडम. तुम्ही नुसत्या सह्या करा," ते म्हणाले. त्या 'नुसत्या'मुळेच बहुधा मी पहिली वही नीट उघडली.

एक प्रयोग मला सगळ्या वह्यांत एकसारखा दिसला. बेरियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, काढण्याचा. त्यासाठी विभागात एक छोटी प्लास्टिकची डबी असते, तिला जनरेटर म्हणतात. आत किरणोत्सर्गी सीझियम धरून ठेवलेलं असतं. ते तीस वर्षांत निम्मं होतं, म्हणजे आपल्या परीक्षेच्या हिशेबानं जागच्या जागीच. पण ते विरताना त्यातून सतत एक उत्तेजित बेरियम तयार होतं, आणि ते मात्र अडीच मिनिटांत निम्मं होतं. सिरिंजनं सौम्य आम्लाचं खारं द्रावण डबीतून ढकललं की बेरियम थेंबांबरोबर खाली येतं, सीझियम आतच राहतं. आम्ही याला धार काढणं म्हणतो. थेंब स्टीलच्या ताटलीत घ्यायचे, ताटली किरण मोजणाऱ्या काउंटरच्या नळीखाली ठेवायची, आणि दर मिनिटाला तीस सेकंद मोजत जायचं. आकडे सेमी-लॉग कागदावर मांडायचे. या कागदाच्या उभ्या अक्षावर दहापासून शंभर जितकं लांब, तितकंच शंभरपासून हजार. ठराविक वेळात निम्मी होणारी कुठलीही गोष्ट त्यावर सरळ रेषा होते.

वह्यांत रेषा सरळ होत्या. जरा जास्तच. पहिला बिंदू आठशेचा, शेवटचा तेराचा, आणि सगळे रेषेवर बसलेले. आठशेच्या जवळ ते चाललं असतं. पण तेरा मोजताना तीन-चारचा इकडेतिकडे फरक पडतोच, कारण अणू ठरवून फुटत नाहीत. इथे एकाही वहीत शेवटचा बिंदू रेषेबाहेर नव्हता. मी हे चटकन ओळखलं, कारण माझ्या विद्यार्थिदशेत मीही असंच केलं होतं. आधी रेष ओढायची, मग तिच्यावरून आकडे वाचून तक्त्यात भरायचे. त्या वेळी मला कुणी पकडलं नव्हतं.

चळतीत एकच वही वेगळी होती. किनवटकडच्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीची. तिची रेषा सुरुवातीला सरळ जाऊन खालच्या टोकाला आडवी होत गेली होती. उत्तर साडेतीन मिनिटं. बाजूला लाल शाईत 'पुन्हा करा', आणि पुन्हा केल्यावरही तेच.

"हिला हात नाही प्रयोगाचा," प्रमुख म्हणाले. "थिअरीत बरी आहे."

चिठ्ठ्या उचलल्या, तर त्या मुलीला नेमका हाच प्रयोग आला. तिची एक फेरी मोजून झाल्यावर मी तिच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय तिच्यावरच होता. तक्त्यात दोन ठिकाणी खोडरबराच्या खुणा होत्या, आणि मला वाटलं, हिला नक्कलही धड करता आलेली नाही.

"हे आकडे कुठून आणलेस?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. "आणले न्हाई, मॅडम. मोजून राहिले ना मी."

"मग शेवटी चव्वेचाळीस कसे? इथे तेरा-चौदा यायला हवेत."

"हाव, यायला पाहिजेत. पण येत न्हाई." जरा थांबून तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तुमाला सरांनी सांगितलं का मला हाच प्रयोग द्यायला?"

म्हणजे तिचा माझ्यावर संशय होता. मला आधी राग आला, मग तो टिकला नाही. दाराशी उभे असलेले प्रमुख आमच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ही लातूरची बाई काय उकरतेय, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी तिला म्हणाले, "पुन्हा धार काढ. मी बघते."

पंधरा मिनिटं थांबलो, म्हणजे डबीत बेरियम पुन्हा भरेल. तिनं हातमोजे घातले, आधी रिकामी ताटली मोजली. तीस सेकंदांत पंधरा. ही पार्श्वभूमी, भिंतींतून, आकाशातून येणाऱ्या किरणांची, ती प्रत्येक आकड्यातून वजा करायची. मग थेंब घेतले. पहिला आकडा आठशे बारा. एकही थेंब तिनं ताटलीबाहेर जाऊ दिला नव्हता. प्रमुख म्हणाले ते खोटं होतं, एवढं मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. पंधराव्या मिनिटाला एकोणसाठ आले. पार्श्वभूमी वजा जाता चव्वेचाळीस. तोच आकडा.

"डबी कुठे आहे?" मी विचारलं. जनरेटर काउंटरजवळ राहिला तर त्याचेच किरण नळीत शिरतात, अशी चूक मी खूपदा पाहिलेली. डबी टेबलाच्या टोकाला होती. ती मी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवायला लावली. तरी आकडा पार्श्वभूमीपर्यंत उतरला नाही.

"ताटली उचल."

तिनं उचलली. पंधरा.

"ठेव."

सेहेचाळीस.

तोवर अर्धा तास होऊन गेला होता. बेरियम दहा-बारा वेळा निम्मं होऊन संपल्यात जमा होतं, तरी ताटली मिनिटाला ब्याण्णवच्या हिशेबानं बोलत होती. आम्ही दहा मिनिटं सलग मोजलं: नऊशे सतरा. नंतर पुन्हा दहा मिनिटं, जवळजवळ तेवढंच. ते कमी होतच नव्हतं.

मुलगी ताटलीकडे बघत म्हणाली, "मॅडम, हे बेरियम न्हाई. म्हणजे बेरियम हाय, पण त्याला कुणीतरी बनवून राहिलंय. सीझियम खाली आलंय का?"

"तुला काय वाटतं?"

तिनं पेन्सिल उचलली. पंधराऐवजी सेहेचाळीस वजा करून सगळे बिंदू नव्या कागदावर मांडले. वाकडं टोक खाली उतरलं. शेवटचे दोन-तीन बिंदू रेषेच्या थोडे वर, थोडे खाली, जसे असायला हवेत तसे. तिनं पट्टी लावली, अर्धायुष्य वाचलं आणि माझ्याकडे कागद सरकवला. अडीच मिनिटांच्या जरासं वर.

म्हणजे डबी गळत होती, थेंबांबरोबर सीझियमही ताटलीत येत होतं. आणि मग प्रश्न असा, की गळक्या डबीवर बाकीच्यांना तेरा कुठून मिळाले?

मी तीन मुलांना बोलावून एकेकाला विचारलं. दोघं प्रमुखांकडे बघू लागले. तिसरा म्हणाला, "मागच्या बॅचच्या वहीवरनं, मॅडम. सगळ्यांनीच." प्रमुखांनी त्याला बाहेर पाठवलं आणि दार लोटलं.

"मॅडम, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात की चौकशी करायला?"

"डबी गळते हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नव्हतं."

"मग 'पुन्हा करा' लिहिताना एकदा स्वतः मोजलं का नाही?"

त्यांना माहीत होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही अधूनमधून वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही.

प्रयोगशाळेतल्या परिचरांना सगळे मामा म्हणत. ते दाराशी घुटमळत होते. मी द्रावणाची बाटली दाखवून विचारलं, "ही कुणी भरली?" कंपनीचं लेबल होतं, पण बूच वेगळं होतं.

"मीच, मॅडम. मूळचं संपलं होतं. केमिस्ट्रीतनं ॲसिड आणलं, मीठ टाकलं, अंदाजानं पाणी घातलं. सरांनीच सांगितलं होतं बनवायला." ते प्रमुखांकडे न बघता बोलले. "काही चुकलं का?"

आम्ल जास्त तीव्र झालं तर आतला सीझियम धरणारा थर बिघडू शकतो. त्यानंच बिघडला, की डबीच जुनी होती, हे मला तिथे ठरवता येणार नव्हतं. पण मामांच्या खिशातून डोकावणारा रुमाल मला दिसला. ताटल्या कशानं पुसता, विचारलं तर त्यांनी तोच बाहेर काढला. मी हातमोजा घालून तो नळीखाली धरला. तीस सेकंदांत सदतीस.

मामा खाली बसले. "मला काही व्हनार हाय का, मॅडम? घरी लहान नातवंडं हायत."

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. हे अगदी थोडं आहे, डबीतच मुळात थोडं असतं, असं त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी का, त्यांना आजवर कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. मग त्या मुलीनं त्यांना बेसिनपाशी नेलं, साबणानं दोन्ही हात धुवायला लावले आणि काउंटरजवळ आणून बसवलं. "मामा, आकडा तुमीच वाचा." त्यांनी डोळे बारीक करून वाचला: चौदा. मग रिकाम्या हवेचा वाचला: सोळा. दुसरा हात. पंधरा. मग ते उठले.

रुमाल आणि ताटल्या पिशवीत बंद केल्या, डबी वेगळी गुंडाळून शिशाच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. बेसिन आणि टेबलं पुसून पुसून मोजली. विद्यापीठाच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, त्यावर प्रमुखांनीही सही केली. सही करताना ते म्हणाले, "यातून माझं नाव कुठं जाणार, ते तुम्हाला कळतंय ना?" मला कळत होतं. त्या मुलीला मी पूर्ण गुण दिले. बाकीच्यांचे जर्नलचे गुण कापले आणि कारण लेखी दिलं.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "मॅडम, मी तक्त्यात खोडलं होतं ना, ते तुमी पाहिलं?"

"पाहिलं."

"एकदा मी पण तेरा लिहिलं होतं. मग खोडलं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रिक्षात बसले.

लोहा, अहमदपूर, चाकूर. बसमध्ये मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला माझ्या विभागाचं कपाट उघडलं आणि माझ्या मुलांच्या वह्या काढल्या. त्यांतले अर्धे आलेख असे सरळ होते, की बघवेनात. सगळ्यांवर माझीच सही होती.

आमच्या डबीची धार काढून मी अर्ध्या तासानं ताटली मोजली. ती पार्श्वभूमीवर आली होती, डबी शाबूत होती. मग मुलांना बोलावलं आणि दोघादोघांना पुन्हा मोजायला बसवलं, जुन्या वह्या माझ्या टेबलावर ठेवून. मुलं एकमेकांकडे बघत होती. मॅडमना काय झालंय, ते त्यांना कळेना. दुपारपर्यंत उत्तरं आली: दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक सात, दोन पूर्णांक सहा. एका जोडीचं तीनच्या पुढे गेलं. ते दोघं घाबरत कागद घेऊन आले. त्यांनी पार्श्वभूमी वजाच केली नव्हती, पण आकडे स्वतः मोजलेले होते. मी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या.