भाचीची ईमेल आणि मामांचा टेम्पो

दौंडच्या आमच्या बेकरीत पहाटे भट्टीतून पाव निघाले की गल्लीभर वास सुटायचा, आणि पाठोपाठ टेम्पोवाल्या मामांची हाक यायची, "ताई, भरू का?" माझ्या वडिलांच्या वेळेपासून तेच आमचा माल पोचवत. धनगराघरचा माणूस, आवाज खणखणीत. माझी भाची लहानपणी सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून, गरम पाव कुरतडत पार शिरूरपर्यंत जाऊन यायची. काय दिवस होते ते!

तीच भाची पुढं पुण्यात अ‍ॅनालिस्ट झाली. एका हिवाळ्यात कुरकुंभच्या कारखान्यातल्या कँटीननं आम्हाला बजावलं, पहिल्या पाळीआधी पाव आले नाहीत तर ऑर्डर बंद. आमची निम्मी बेकरी त्या ऑर्डरीवर चालायची. एक डिलिव्हरी कंपनी मागं लागलीच होती. मग मी महिनाभर कँटीनचा माल एक दिवस मामांकडं, एक दिवस कंपनीच्या गाडीकडं दिला आणि मामांच्या दुपारच्या फेऱ्यांसकट सगळी नोंद भाचीला पाठवली. म्हटलं, बघ बाई, काय ते खरं सांग. मनातून खात्री होती, पोरगी मामांचंच नाव घेणार.

ईमेल आली.

"आत्या, माझी शिफारस कंपनीची आहे. भाडं मामांचं कमी, पण उशिरा आलेले पाव कँटीन परत पाठवतं. तो तोटा धरला की मामा महाग पडतात. त्यांच्या दुपारच्या फेऱ्या कधी चुकत नाहीत, उशीर फक्त पहाटे होतो. का, ते मला या नोंदींवरून कळलं नाही. महिन्याभराची माहिती तशी थोडी आहे, म्हणून कंपनीशी आधी तीनच महिन्यांचं ठरव, आणि उशीर झाला तर भाडं कापायचं लेखी घे. हे लिहिताना मला रडू आलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडू आलं म्हणे! दोन दिवस मी तिचा फोनसुद्धा उचलला नाही. मामांना तरी कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना चहा दिला आणि ती ईमेल जशीच्या तशी वाचून दाखवली.

मामांनी कप खाली ठेवला. "पोरगी हुशार निघाली," ते म्हणाले. "पहाटंचं मला दिसतच न्हाई ओ, ताई. समोरनं ट्रकचा लाईट आला की समदं पांढरं व्हतं. दुपारच्या फेऱ्या मी करतो की, दुपारी लख्ख दिसतंय."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"मी सोडलं तर तुमचं पाव कोण न्हेणार? म्हणून रेटत व्हतो."

आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी त्यांना पहाटे कुरकुंभच्या हायवेवर धाडत होते.