सोमवार, बुधवार, शुक्रवार

कानताईला एका जागी बसवत नाही, आणि नशिबाने कामच असं दिलं की दिवसभर बसायचं. डॉक्टर मंडळी पेशंट तपासून झाला की रेकॉर्डरवर भराभर बोलून मोकळी होतात. ते बोलणं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि त्याचा नीट रिपोर्ट टाइप करायचा, हा तिचा धंदा. टेबलाखाली पायात एक पेडल असतं, ते दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. अकरा वर्षांत त्या पायाला अशी सवय लागली होती की घरी जेवतानासुद्धा उजवा पाय खाली टकटक करत राही. धाकटी बहीण ओरडायची, "ताई, थांबव तो आवाज! इथे कोणी डॉक्टर बोलत नाहीये."

आणि खरोखरच घरात सध्या कोणी बोलत नव्हतं. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले होते. हात परत आला, चालणं बरंचसं परत आलं, वाचा मात्र गेलेली. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिले सहा महिने सोन्यासारखे असतात. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार बाराला येणार. घरातलं एक माणूस शेजारी बसलं पाहिजे. मी काय करून घेते ते बघायचं आणि चार वाजता तेच पुन्हा करून घ्यायचं. नुसतं मी येऊन काही होणार नाही."

हे दोन महिने धाकटीने रजा काढून सांभाळलं. तिची रजा महिनाअखेरीला संपत होती आणि तिच्या कारखान्यात घरून काम हा विषयच नव्हता. यंत्र काही स्वयंपाकघरात आणता येत नाही. म्हणजे आता पाळी कानताईची. नाहीतर एक तर नोकरी सोडायची, किंवा बाईंचं येणं. यातलं काहीही सोडायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती रोज सकाळी ऑफिसच्या जिन्यावर तीनदा चढउतार करून मगच आत जात असे.

पहिल्यांदा ती सरांकडे गेली ती अशीच, दम लागलेली.

"सर, मला आठवड्यातून तीन दिवस घरून काम हवंय."

सर या खात्याचे मॅनेजर. बारा वर्षांपूर्वी तेही इथेच टाइप करत बसायचे, पण आता काचेच्या खोलीत बसतात.

"का गं?"

"बाबांसाठी." मग तिने सगळं सांगितलं. झटका, वाचा, बाई, बारा वाजता, चार वाजता.

सर टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले. "वाईट वाटतं ऐकून. खरंच. पण बघ, तुला दिलं तर उद्या रांग लागेल. कोणाचे वडील, कोणाची सासू, कोणाचं कुत्रं. वरच्यांना मी काय सांगू? रजा हवी तर घे."

"रजा सहा दिवस उरलीये."

"मग बघू काहीतरी."

'बघू' म्हणजे काय ते अकरा वर्षांत तिला चांगलं कळलेलं होतं.

बाहेर आल्यावर तिने पाण्याचा ग्लास भरला आणि न पिताच ठेवून दिला. शेजारच्या टेबलावर चष्मा बसलेला होता. चष्मा म्हणजे तपासनीस. सगळ्यांचे रिपोर्ट त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत आणि त्याच्या भिंगांच्या जाडीवरून त्याचं हे नाव पडलेलं.

"काय, नाही म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"मग नाहीच म्हणाले. तू काय सांगितलंस?"

"बाबांचं सांगितलं."

"झालं! तू त्यांना दुःख सांगितलंस. दुःखाला मॅनेजर काय करणार, सुस्कारा टाकणार. अगं, त्यांना काम सांग. किती निघतं, किती चुकतं, घरून किती निघेल. आणि कायमचं मागू नकोस. चार आठवडे माग. चार आठवड्यांनी जमलं नाही तर स्वतःहून परत येईन म्हण. माणसाला परतीचा रस्ता दिसला की तो पाऊल टाकतो."

"हे तू कुठे शिकलास?"

"लग्नात," चष्मा म्हणाला आणि पुन्हा रिपोर्टात डोकं घातलं.

पुढचे दोन दिवस कानताईने आपल्याच कामाचा हिशोब मांडला. मागच्या बारा आठवड्यांत दिवसाला सरासरी पंच्याऐंशी मिनिटांचं बोलणं ती टाइप करत होती. तपासणीतून परत आलेले रिपोर्ट आठवड्याला दोन. सगळे रिपोर्ट संध्याकाळी सहाच्या आत. मग तिने कागदावर लिहिलं : तीन दिवस घरून, सकाळी आठ ते बारा आणि दुपारी एक ते चार, मग साडेचार ते साडेपाच. मधली वेळ बाबांची. मंगळवार, गुरुवार ऑफिसात. आकडे हेच राहतील. ऑफिसचाच लॅपटॉप, बंद खोली, हेडफोन, आणि पेशंटची माहिती फुटू नये म्हणून कागद एकही नाही. दर शुक्रवारी आकड्यांचं पत्र. चार आठवड्यांनी बसून बघायचं. मधेच बिघडलं तर कोणीही एका आठवड्याची सूचना देऊन थांबवायचं.

या वेळी ती सावकाश चालत गेली, दम न लागता.

सरांनी कागद दोनदा वाचला. "हे बरंय. बाबांचं काही लिहिलं नाहीस?"

"ते तुम्हाला माहीत आहे, सर. त्याने काम होत नाही."

सर हसले. मग हसू आटलं. "एक गोष्ट राहिलीये यात. तुझं काम घरून होईल, मला शंका नाही. पण बाकीच्यांचं?"

"म्हणजे?"

"'कानताई, हे ऐक ना' हे दिवसातून किती वेळा होतं?"

हे तिने मोजलंच नव्हतं. कोणाला बोलणं कळलं नाही की तो हेडफोनचा एक कान तिच्या कानाला लावायचा. एक हाडांचे डॉक्टर तर तोंडात पाणी धरून बोलावं तसं बोलत. सगळे त्यांना गुळण्या म्हणायचे. त्यांचं बोलणं फक्त कानताईला कळे, म्हणूनच ती कानताई. न कळलेल्या शब्दाची जागा रिकामी सोडायची, असा या धंद्याचा पक्का नियम होता. अंदाजाने भरायचं नाही, रिपोर्ट डॉक्टरकडे परत पाठवायचा. पण कानताई असली की रिकाम्या जागा कमी राहत.

"घरी असेन त्या दिवशी दहाला आणि तीनला अर्धा-अर्धा तास मी कॉलवर राहीन," ती चटकन म्हणाली. "ऑफिसच्याच प्रणालीतून तुकडा ऐकवायचा. आणि सगळ्यांच्या रिकाम्या जागाही मोजा. वाढल्या तर ते माझ्याच खात्यात धरा."

"लिहून पाठव, सगळ्यांना मी सांगतो. सोमवारपासून चार आठवडे."

पहिले दोन आठवडे कानताई घरात वाघीण पिंजऱ्यात फिरते तशी फिरली. सकाळी आठला खोलीचं दार लावायची. बाराला दार उघडून बाबांशेजारी बसायची. बाई म्हणत, "ओठ बघा, फुंका, आता आवाज." बाबांच्या गळ्यातून नुसती हवा यायची, मग ते चिडून हात आपटायचे. चारला पुन्हा तेच. मधेच मनात यायचं, आज पंच्याऐंशी झाली का? ती आकडे बघायची, पुन्हा उठायची, पुन्हा बघायची. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. आकडे तिचे चांगले होते. दहाच्या कॉलवर मात्र फारसं कोणी येतच नव्हतं. आणि रिकाम्या जागा? आधीपेक्षा कमी! तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती तो आकडा पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली.

तिसऱ्या मंगळवारी ऑफिसात चष्म्याने तिला जिन्यात गाठलं.

"आपल्याकडे टाइप करायला आलेल्या त्या नवीन मुलीने काल गुळण्यांच्या रिपोर्टात 'उजवा गुडघा' लिहिला. मला शंका आली म्हणून ऐकलं. डावा होता. मी थांबवला, बाहेर गेला नाही."

"चुकीने?"

"अंदाजाने. मी विचारलं तर रडायला लागली. म्हणाली, रिकामी जागा सोडली तर कानताईच्या खात्यात जाते ना. तुझं जमावं म्हणून चौघंजण तसंच करताहेत. प्रेमाने, बरं का."

कानताईने जिन्याचा कठडा धरला. पाय थांबायला तयार नव्हता.

"तू सरांना सांगितलंस?"

"गुडघ्याचं माझ्या नोंदीत आहे. का झालं ते नाही. शुक्रवारचं पत्र तुझं आहे."

गाडी सुरळीत चालली होती. अजून दोन आठवडे गप्प राहिलं तर सर सही करून टाकतील. पण पुढचा गुडघा चष्म्याच्या नजरेतून निसटला तर? सर्जनने ऑपरेशनला भलताच पाय घेतला तर? ती जिना उतरली, चढली, पुन्हा उतरली, आणि शुक्रवारपर्यंतही थांबली नाही. सरळ काचेच्या खोलीत.

"सर, माझे आकडे चांगले आहेत, पण रिकाम्या जागांचा आकडा खोटा आहे. मीच तो तसा व्हायला लावला. लोक अंदाज करताहेत, मला वाचवायला."

सर खुर्चीत मागे टेकले.

"तुला कळतंय ना, याच्यामुळे हे बंदसुद्धा होऊ शकतं?"

"कळतंय."

"मग का सांगतेस?"

"कारण मापच चुकलंय, सर. चुकीच्या मापाने मी घरी बसले तर मला रात्री झोप नाही येणार. तशीही येत नाहीये."

त्याच दुपारी सरांनी सगळ्यांना टेबलांभोवती जमवलं. नवीन मुलीचे डोळे लाल होते. "रिकामी जागा सोडणं ही चूक नाही," सर म्हणाले. "ती आता कोणाच्याच विरुद्ध मोजायची नाही. मोजायचं ते हे : तुकडा कॉलवर आला का, आणि चष्म्याने काय पकडलं. अंदाज पकडला तर तो माझ्याकडे येईल."

मग ते कानताईकडे वळले. "तुझी घडी मोडून पुन्हा घालायची. आजपासून चार आठवडे पहिल्यापासून. आणि बुधवारी तू इथे हवीस. गुळण्यांचे रिपोर्ट बुधवारीच ढीगभर येतात. मान्य?"

म्हणजे बुधवारी बाराला बाबांशेजारी कोण? तिच्या डोक्यात भराभर चेहरे फिरले. शेजारच्या काकू? चुलतभाऊ? "बुधवारी मी अकरा ते साडेचार बाहेर गेले आणि रात्री आठपर्यंत थांबले तर? घर वीस मिनिटांवर आहे."

"अकरा ते दोन. चारचा सराव दुसऱ्या कोणाकडून करून घे."

"अडीच."

"दोन, कानताई."

"दोन. बुधवारचा चार वाजताचा सराव काकूंकडून करून घेईन. बाई शिकवतील त्यांना."

ती घरी गेली, काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "फुंकायचं? अगो, मी चुलीच्या काळातली." ठरलं.

पुढच्या सोमवारी दहाला कॉल लागला. चार जण रांगेत होते, सगळ्यात पुढे नवीन मुलगी. "ताई, रिकामी सोडलीये. ऐकतेस?"

"ऐकव."

गुळण्यांचा आवाज खदखदला. कानताईने डोळे मिटले, पाय खाली टकटकू लागला, आणि तिने तोच तुकडा तीनदा ऐकून सांगितलं, "नाही कळत गं. रिकामीच ठेव."

पलीकडे चौघांचाही सुटल्यासारखा श्वास. दाराच्या बाहेर बाबांचा हात खुर्चीवर आपटला. बाराला अजून दोन तास होते. तिने पुढचा तुकडा मागितला.