सूर्यभानच्या पाण्याची गोधडी

पुणतांब्याच्या शमुवेल गायकवाडांची एक खोड होती. बिघडलेल्या फ्रिजला हात लावायच्या आधी ते जमिनीवर मांडी घालून त्याच्याजवळ बसायचे आणि नुसतं ऐकायचे. लोक घाई करायचे, त्यांची बायको रूथ तर म्हणायची, "तुमी मशीन दुरुस्त करता का तिच्यासाठी प्रार्थना करता?" शमुवेल हसायचे आणि बसूनच राहायचे. न ऐकता कुठल्याही यंत्राला मेलेलं म्हणायला त्यांची जीभ कधी वळली नाही.

त्या दिवशी ते सत्यशीलाबाईंच्या पिठाच्या गिरणीवर आले, तेव्हा बाईंचा चेहरा उतरलेला होता. गिरणीच्या पडवीत बाटली उलटी लावायचं पाण्याचं मशीन उभं होतं. बाईंचे मालक सूर्यभान गेले, त्यानंतर पोरांनी ते त्यांच्या नावानं ठेवलं होतं. सूर्यभानची रीतच तशी. दळण घेऊन कुणीही येवो, डबा उतरवायच्या आधी माठातलं पाणी पुढं करायचे. "आधी पानी, मग दळन."

"उद्या त्यांचं वर्षश्राद्ध हाय, शमुवेलभाऊ," बाई म्हणाल्या. "गाव येईल. आन् त्यांच्या नावाचं पानी कोमट. कोपरगावचा मेकॅनिक म्हनला, कॉम्प्रेसर गेला, टाकून द्या. असं कसं टाकू?"

मशीनला पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी जाड गोधडी लपेटलेली होती. पुढचे नळ तेवढे उघडे. शमुवेल बसले. आत कॉम्प्रेसर गुरगुरत होता. थोड्या वेळानं बारीकसं 'टक्' झालं आणि तो गप्प पडला. बऱ्याच वेळानं पुन्हा 'टक्', पुन्हा गुरगुर.

त्यांनी प्लग काढला आणि आधी थर्मोस्टॅट पाहिला. पाणी गार झालं की तो कॉम्प्रेसर थांबवतो, कोमट झालं की चालू करतो. मीटर लावला. पाणी कोमट होतं आणि थर्मोस्टॅटनं विजेची वाट मोकळी ठेवलेली होती. म्हणजे त्याचं काम चोख होतं, थांबवणारा तो नव्हता. मग गोधडी वर करून त्यांनी खाली नारळाएवढ्या काळ्या कॉम्प्रेसरकडं हात नेला. चटका बसायच्या आत मागं घेतला. त्याच्या कडेला चिकटलेली टिकलीएवढी चकती, ओव्हरलोड, तीच फार तापलं की वीज तोडत होती. तिनं तोडली नसती तर कॉम्प्रेसर केव्हाच जळाला असता.

कारण त्यांच्या हातातच होतं. ते सांगायचं कसं, हे काही केल्या सुचेना. गोधडीत निळ्या चौकड्यांचा एक तुकडा होता. तो सदरा त्यांच्या ओळखीचा होता. त्याच सदऱ्यात सूर्यभान दर नाताळला त्यांच्याकडं फराळाला यायचे.

"पीठ उडतं ना," बाई सांगत होत्या, "म्हनून शिवली. त्यांच्याच कपड्यांची. शिवाय गारवा आत राहील म्हनलं."

क्षणभर शमुवेलना वाटलं, खोटं सांगावं. एखादा भाग बदलला म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण बाई पुन्हा गोधडी लपेटणार आणि उद्या गावासमोर पाणी पुन्हा कोमट.

"वहिनी, हे मशीन पान्यातली ऊब काढून ह्या मागच्या काळ्या जाळीतून बाहेर टाकतं. जाळीला वारा लागला पायजे. गोधडीनं ऊब कोंडली. कॉम्प्रेसर गेला न्हाई. दमलाय नुसता."

बाईंनी गोधडी सोडवून हातात घेतली. मग म्हणाल्या, "त्यांना बी शेवटी पांघरून सोसत नव्हतं. पायानं काढून टाकायचे. मी परत घालायची. त्यांना बी मी असंच कोंडलं का हो?"

शमुवेलचे डोळे भरून आले. "न्हाई वहिनी. पुन्हा घालनारं कुनी हाय, हे ठावं असतं म्हनून मानूस पायानं काढतो."

बाई पदर तोंडाला लावून रडल्या. शमुवेल तोवर ब्रशनं जाळीतलं पीठ आणि धागे काढत राहिले. मशीन गिरणीकडून पडवीच्या मोकळ्या टोकाला नेलं, तिथं भिंतीपासून वीतभर पुढं ठेवलं. प्लग काढून आठवड्याला ब्रश मारायचा, एवढं सांगितलं. कॉम्प्रेसर निवल्यावर प्लग लावला. गुरगुर सुरू झाली. ह्या वेळी 'टक्' आलं नाही. चहा झाला, सूर्यभानच्या गोष्टी झाल्या, गुरगुर चालूच होती. बाईंनी जाळीजवळ तळहात धरला. ऊब बाहेर येत होती.

दुसऱ्या दिवशी गाव गार पाणी प्यालं. गोधडी घडी करून पडवीतल्या बाकावर अंथरली होती, दळणाची माणसं तीवर टेकत होती.

शमुवेल आले ते रूथनं दिलेला गव्हाचा डबा घेऊनच. वर्षभरात कुणी ऐकले नव्हते ते शब्द सत्यशीलाबाईंच्या तोंडून आले. त्यांनी पेला पुढं केला.

"डबा राहू द्या, भाऊ. आधी पानी."