अठरा तारखेपर्यंतचा माणूस

वैजनाथ कांबळ्यांना लातुरात बहुतेक लोक ‘कॅमेरेवाले मामा’ म्हणत. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, अंगाने किडकिडीत, बोलण्यात सावकाश. गाव लोह्याजवळचं. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते दयानंद बिराजदारांच्या दुकानी लागले, तेव्हा दुकानात टेलिफोनच्या तारा विकल्या जायच्या. आता तिथे कॅमेरे आणि नेटवर्कची कामं होत होती, अकरा माणसांची चूल त्यावर पेटत होती, आणि सरकारी निविदा भरल्याशिवाय ती पेटती राहत नव्हती.

निविदेत बहुधा एक अट असायची: कंपनीच्या पगारपत्रकावर किमान दोन प्रमाणित नेटवर्क अभियंते हवेत, आणि त्यांची प्रमाणपत्रं निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवशी चालू हवीत. एक प्रमाणपत्र आरतीचं. पंचविशीतली हुशार पोर, तिचं अजून दोन वर्षं चालणार होतं. दुसरं वैजनाथांचं. परदेशी कंपनीची ती परीक्षा त्यांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी दिली होती. फी दयानंदशेठनी भरली होती आणि निकालाच्या दिवशी स्वतःच्या हाताने सगळ्यांना पेढे वाटले होते. तीन वर्षांत ते प्रमाणपत्र किती निविदांना जोडलं गेलं, ते वैजनाथांनाही आठवत नव्हतं. निविदांच्या फाइली लावणारी महादेवी गमतीने म्हणायची, “मामा, तुमच्याहून तुमचा कागद जास्त हिंडलाय.”

त्या कागदाची मुदत अठरा तारखेला संपत होती. मुदतीच्या आत एक पेपर दिला की पुढची तीन वर्षं मिळायची. अठरा उलटली की सगळं पहिल्यापासून, दोन पेपर. वैजनाथांनी आदल्या महिन्याच्या अखेरीची परीक्षेची तारीख घ्यायची म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. एका नगरपरिषदेची कॅमेऱ्यांची मोठी निविदा तेवढी निघू दे, मग बघू, असं त्यांनी मनाला सांगितलं. तिची शेवटची तारीख पाच होती. पाच तारखेला कागद चालूच होता.

चार तारखेला महादेवीने निविदा पोर्टलवर चढवली. शेठनी शिरस्त्याप्रमाणे संगणकापुढे नारळ फोडला. या दुकानाचा एक नेम होता: नारळ फुटला की निविदा उघडेपर्यंत तिच्याकडे कुणी पुन्हा बघायचं नाही. बघितलं की काम हातचं जातं, असं शेठच्या वडिलांपासून चालत आलेलं. महादेवी हसायची, पण पाळायची.

तेरा तारखेला दुपारी आरतीने दुसऱ्याच कामासाठी पोर्टल उघडलं, आणि एका तारखेवर तिचं बोट थांबलं.

“काय गं?” वैजनाथांनी विचारलं.

“मामा, पाच तारखेलाच शुद्धिपत्रक आलंय. मुदतवाढ. शेवटची तारीख आता वीस हाय.”

वैजनाथांनी चष्मा पुसला. वीस. आणि कागद अठराचा. भरलेली निविदा तशीच राहिली, तर ज्या दिवशी प्रमाणपत्र चालू पाहिजे त्याच दिवशी ते संपलेलं असणार होतं.

“वीसपर्यंत कागद बदलून पुन्हा भरता येतं,” महादेवी हळू आवाजात म्हणाली. “नवा कागद पाहिजे फक्त.”

शेठनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. वैजनाथांना त्याचंच भय वाटलं. “नांदेडच्या केंद्रात सोळाची जागा हाय का बघा,” एवढंच बोलले.

जागा होती. नापास झालं तर पाच दिवस थांबल्याशिवाय पुन्हा बसता येत नव्हतं, म्हणजे एकवीस. सोळा तारीख हीच पहिली आणि शेवटची संधी.

तीन दिवस वैजनाथ दुकानाच्या माळ्यावर बसून वाचत होते. खालच्या रस्त्याने शिकवणीची पोरं पाठीवर दप्तरं टाकून जात. त्यांचं एकेक उत्तर तोंडपाठ, आणि इथे आज वाचलेलं उद्या पुसलं जात होतं. चौदाच्या संध्याकाळी शेठ वर आले, चहा ठेवला आणि जाताना म्हणाले, “पास झालात तर उत्तम. न्हाई झालात तर काहीतरी बघतोच मी.” वैजनाथांचा चहा तसाच गार झाला.

सोळाला पहाटेच्या बसने अहमदपूर, लोहा करत ते नांदेडला गेले. लोह्याला गाडी पाच मिनिटं थांबली. ओळखीचा चहावाला खिडकीशी आला, “उतरा की मामा.” मामा नुसते हसले. केंद्रात फोन, घड्याळ, पाकीट सगळं कपाटात ठेवायला लावलं, फोटो घेतला, सही घेतली. पडद्यावर एकदा पुढे गेलं की मागचा प्रश्न पुन्हा बघता येत नव्हता. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी बरेच प्रश्न नुसते ढकलले. पास-नापास तिथल्या तिथे कळलं. थोडक्यात हुकलं होतं. पण थोडक्यासाठी वेगळा कागद मिळत नाही.

सतराला ते दुकानात आले तेव्हा टेबलावर दोन कागद तयार होते. एक त्यांचं प्रमाणपत्र, तोच क्रमांक, तीच नक्षी, पण अठराच्या पुढचं साल तीन वर्षांनी वाढलेलं. दुसरा त्यांच्या माहितीचा तक्ता, खाली ओळ: वरील माहिती खरी असून माझं प्रमाणपत्र आजरोजी वैध आहे. त्याखाली सहीची जागा रिकामी.

“सही करा,” शेठ म्हणाले. “समितीत पाचशे कागद येतात. कोण बघतंय?”

“क्रमांक टाकला की कंपनीच्या साइटवर खरी तारीख दिसते, शेठ.”

“दिसली तर दिसली. अकरा घरं हायेत, मामा. तुमचं बी त्यातच.”

“म्हणून तर. सापडलं तर तीन वर्षं काळ्या यादीत. मग अकराच्या अकरा घरी.”

शेठनी पेन त्यांच्या पुढे सरकवलं. “पेढे वाटलेले विसरलात?”

“विसरलो न्हाई.” वैजनाथांनी पेन परत सरकवलं. “सोळाला मी बसलो, पडलो. ते खरं हाय. हे न्हाई करायचा.”

महादेवी संगणकाकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही. शेठनी तक्ता उचलला, नीट दोन घड्या घातल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही.

वीस तारीख गेली. जुनीच निविदा राहिली. पात्रतेच्या कागदांचा तांत्रिक लिफाफा उघडला तेव्हा दुकानाच्या नावापुढे ‘अपात्र’ आलं, आणि कारणात वैजनाथांचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. नांदेडहून एक नवा अभियंता, वीरेश नावाचा, पगारपत्रकावर आला, पण दुकानात कधी दिसला नाही. वैजनाथांची टेबलाची जागा गेली. आता ते दुकानातल्या पोरांबरोबर शिडी घेऊन तारा ओढायला जाऊ लागले. गुडघे दुखत. तक्रार केली नाही.

पुढच्या महिन्यात एका रुग्णालयाची निविदा भरली गेली. नारळ फुटला. संध्याकाळी शिडी ठेवायला ते आत आले, तर महादेवी एकटीच बसली होती.

“मामा,” ती म्हणाली, “वीरेशचं मूळ प्रमाणपत्र मी पाहिलं न्हाई. शेठनी स्कॅनच दिलं. सही मात्र माझ्याकडून घेतली, कागद तपासल्याची.”

वैजनाथ तिच्या शेजारी बसले. “क्रमांक टाक.”

“नारळ फुटलाय.”

“टाक, पोरी.”

तिने कंपनीच्या साइटवर टाकला. पान हळूहळू उघडत गेलं. या क्रमांकाची नोंद आढळत नाही, एवढीच एक ओळ आली. निविदेची मुदत तासापूर्वी संपली होती, आणि आता मागे घेता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.