माझ्या तोंडातला वारसा

पहिल्या वर्षाच्या पोरांना चंद्रपूरचा परकोट, म्हणजे शहराभोवतीची जुनी तटबंदी, दाखवायला न्यायचं होतं. त्याआधी वारशाच्या दोन कसोट्या समजायला हव्या होत्या : अस्सलपणा आणि अखंडता. मी फळ्यावर दोन्हींच्या व्याख्या उलटसुलट लिहिल्या आणि स्वतःच गोंधळलो. तेव्हा वडशाची एक विद्यार्थिनी उठली.

"सर, राग नका मानू. तुमचे उरलेले दात अस्सल हायेत, पण समोरचे दोन पडले, म्हणून अखंडता गेली. उद्या खोटे बसवले तं तोंड भरलेलं दिसन, पण ते दोन अस्सल नाईत."

वर्ग खदाखदा हसला. मी सगळ्यात जास्त. परकोटावर पोरांनी ढासळलेला भाग आणि नव्यानं रचलेला भाग, दोन्ही बिनचूक ओळखले. त्या पोरीचे उपकार मानून मी दातांच्या डॉक्टरकडे जाणं अजून टाळतोय. दर वर्षी नवा वर्ग येतो ना!