बापाच्या तोंडचा शब्द

सभ्य माणसांकडून शिव्या गोळा करायच्या असतील तर पुण्यासारखं शहर नाही. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला हिणवायला तुमच्याकडे कोणता शब्द आहे, असं मी विचारायची. समोरचा आधी म्हणायचा, आमच्यात असलं कुणी बोलत नाही. मग चहा येईपर्यंत तीन शब्द सांगायचा आणि चौथा आवाज खाली घेऊन. नारायण पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तर व्युत्पत्तीसकट सगळे सांगितले आणि वर बजावलं की माझं नाव कुठं घालू नका. घातलेलं नाही.

हा उद्योग हौसेचा नव्हता. मी अनुवादक आहे आणि एका इंग्रजी कादंबरीत अडकले होते. पन्नासेक वर्षांपूर्वीचं एक लहान गाव. मुलगा आपल्या शाळामास्तर बापाला सांगतो की माझं एका मुलावर प्रेम आहे, आणि बाप त्याला उद्देशून एकच शब्द उच्चारतो : 'क्विअर'. शेवटच्या प्रकरणात तोच मुलगा, आता केस पिकलेला, मित्रांच्या घोळक्यात बसून हसत हसत स्वतःला तेच म्हणवून घेतो. दोन्हीकडे शब्द एकच हवा. नाहीतर कादंबरी राहत नाही, नुसता वृत्तान्त राहतो.

शिवाय माझी मुद्रितं तपासतो माझा दादा. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन केलं, आता निवृत्त होऊन फक्त माझ्या चुका काढतो. त्याच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, दोन वर्षांपूर्वी त्याला हेच सांगितलं होतं. भाचा हडपसरला त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. त्या संध्याकाळी बापलेकांत काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. तेव्हापासून फोनवर फक्त पाणी आलं का आणि गाडीचं सर्व्हिसिंग झालं का, एवढंच चालतं. दादा ही कादंबरी वाचणार होता. बापाच्या तोंडी खोटा शब्द पडला असता तर 'तिकडच्या लोकांचं आहे' म्हणून त्यानं ती मिटवून ठेवली असती, आणि मला ते अजिबात नको होतं.

प्रकाशकांनी पहिला उपाय सुचवला : मूळ 'क्विअर'च ठेवा, हल्ली मराठीतही चालतो. चालतो, पण कसा? इंग्रजीत त्याचा अर्थ आधी नुसता विचित्र. मग ती शिवी झाली, लोकांनी तिच्या धाकात आयुष्यं काढली, आणि पुढे ज्यांना ती दिली जायची त्यांनीच ती उचलून स्वतःचं नाव केली. आपल्याकडे हा शब्द आला तो धुऊन, इस्त्री होऊन, परिसंवादाच्या पत्रिकेवर बसूनच आला. संतापलेला मास्तर तो म्हणाला तर मराठी वाचकाला वाटेल, वा, बाप किती पुढारलेला.

मग त्यांनी 'समलिंगी' काढला. हा शब्द अभ्यासकांनी, डॉक्टरांनी, पत्रकारांनी घडवलेला; त्यात कुणाला हिणवायची सोय नाही. मी म्हटलं, बाप 'समलिंगी' म्हणाला तर पुढच्या वाक्यात त्याला 'कृपया' म्हणावं लागेल. प्रकाशक चिडले आणि म्हणाले, मग सरळ 'हिजडा' घाला, दणदणीत आहे. आता चिडायची पाळी माझी. ते एका वेगळ्याच समाजाचं नाव. त्यांचे गुरू, त्यांच्या रीती, त्यांचं जगणं सगळं निराळं. मुलगा कुणावर प्रेम करतो हा इथला प्रश्न, तो स्वतःला पुरुष मानतो की नाही हा नव्हे. एकाला शिवी द्यायची आणि पुस्तकात नसलेल्या तिसऱ्याच्या थोबाडीत मारायची, हा कुठला अनुवाद? लेखकानं न दिलेली शिवी पदरची घालायचा अधिकार मला नाही, तसाच त्यानं दिलेली सौम्य करायचाही नाही.

गोळा झालेले शब्द घेऊन बसले तेव्हा दिसलं की आपल्या बहुतेक शिव्या प्रेमाला हात लावतच नाहीत. त्या पुरुषपणाचं माप काढतात : याच्यात काहीतरी कमी आहे, हा बाईसारखा आहे. म्हणजे जाता जाता बाईचाही अपमान, फुकटात. कादंबरीत दोन बायकांचंही एक जोडपं होतं. त्यांच्यासाठी मी मंडईपासून महाविद्यालयापर्यंत विचारलं. एकालाही शिवी आठवेना. 'मैत्रिणी असतील हो,' एवढंच. इतकं न पाहणं मला शिवीपेक्षा वाईट वाटलं.

शेवटी वैतागून बापाच्या तोंडी 'छक्का' घातला. त्यातही माप तेच, थोबाडीतही पुन्हा त्या तिसऱ्याच्याच, शिवाय शेवटच्या पानावर तो हसण्यात बसेना. पण निदान लागतो तरी, असं म्हणून मुद्रितं दादाकडे दिली.

चार दिवसांनी तो गठ्ठा घेऊन आला, खुर्चीत बसला आणि चष्मा पुसत राहिला. मी विचारलं, किती चुका?

"एकच. हा बाप मास्तर आहे. तो चौकातली शिवी घरात आणणार नाही. घरातला माणूस घरातला शब्द वापरतो. आवाजही चढवत नाही. तो 'बायल्या' म्हणतो."

मी म्हटलं, फार मऊ आहे, लागणार नाही.

"लागतो."

"तुला काय माहीत?"

"मी म्हटलाय."

मला एकदम रडू आलं आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी. रागाच्या भरात मी त्याला सांगून टाकलं की हाच शब्द मी हडपसरला ऐकलाय. भाच्याच्या घरी मित्र जेवायला होते, त्याचा जोडीदार कोथिंबीर निवडत होता, आणि भाचा त्याला म्हणाला, बायल्या, आज संपव रे ती. सगळे हसले होते, कोथिंबीर निवडणारा सगळ्यांत जास्त.

दादानं चष्मा घातला. "हसून म्हणतात?"

"हसून."

"मग मीही तसाच म्हटला तर?"

"तू नाही म्हणायचास. त्यांनी तो तुझ्याकडून काढून घेतलाय. आता तो त्यांचा."

मग माझ्यासमोरच त्यानं मुलाला फोन लावला. पाण्याची चौकशी केली नाही. कादंबरीतला बापाचा प्रसंग सांगितला, शेवटच्या पानावरचाही सांगितला, शब्द सांगितला, आणि विचारलं की ठेवू की काढू. पलीकडचं मला ऐकू येत होतं.

"ठेवा, बाबा. बापाच्या तोंडी तोच शोभतो. पण शेवटच्या पानावरचा पुसू नका."

"नाही पुसत," दादा म्हणाला. "माझं चुकलं. रविवारी जेवायला या. दोघं."

रविवारी दोघं आले. दादानं श्रीखंड आणलं होतं आणि कोथिंबीर स्वतः निवडून ठेवली होती, त्यामुळे तिच्यात निम्मे देठ होते. हात धुवायच्या वेळेला शेजारचे काका नेमके वर्तमानपत्र मागायला दारात. त्यांनी पाहुण्याकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

दोन वर्षं दादा त्याला 'तो रूममेट' म्हणत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शब्द अडला की तो माझ्याकडे असाच पाहतो, आणि मी चार पर्याय पुढे करते. या वेळी मी तोंड मिटून घेतलं आणि ताटं मांडायला लागले.

"आमच्या मुलाचा जोडीदार," दादा म्हणाला, आणि काकांच्या हातात वर्तमानपत्र दिलं.